ट्यूब संपली, ठणका तसाच

मेडिकलच्या काउंटरवर दोन-चार गिऱ्हाइकं पांगेपर्यंत माणूस बाजूला उभा राहतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, "मुळव्याधीची ट्यूब द्या." दुकानदारही काही विचारत नाही, कागदात गुंडाळून ट्यूब पुढे सरकवतो. ती नेमकी कोणासाठी, दुखतंय की नुसतं रक्त जातंय, हे दोघांनाही बोलायचं नसतं.

तालुक्याच्या गावातल्या एका शिक्षिकेसाठी त्यांचे यजमान अशा ट्यूब तीन महिने आणत होते. (बाईंची ही हकीकत एकाच रुग्णाची नाही, शल्यचिकित्सकांकडे नेहमी येणाऱ्या अनेकींवरून ती बेतली आहे.) वय अडतीस, दोन बाळंतपणं, दोन्ही नैसर्गिक. शाळेतल्या संडासाला कडी नाही, म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पाणी जेमतेम, आणि शौचाची भावना आलीच तर दाबून ठेवायची. त्यात हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झालेल्या. या गोळ्यांनी मल काळसर आणि घट्ट होतो, हे गोळ्या देताना त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी कुंथताना आत काहीतरी चिरल्यासारखं झालं. कागदावर लालभडक रक्ताची रेघ उमटली. ते थांबलं, पण दुखणं थांबेना. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखी कळ यायची आणि नंतर दोन-तीन तास ठणका. वर्गात खुर्चीवर एका कुशीवर टेकून बसायचं, नाहीतर फळ्यापाशी उभंच राहायचं. हाताला एक छोटा कोंब लागत होता, म्हणून घरात सगळ्यांनी ठरवलं की मुळव्याध झाली.

मुळव्याध नव्हती. वेदनेची ही तऱ्हा ऐकूनच डॉक्टरांना फिशरची शंका येते. गुदमार्गात साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत एक सीमा आहे. तिच्या वरच्या अस्तराला चिरलेलं, टोचलेलं कळत नाही. खालच्या कातडीला मात्र बोटाच्या टोकाइतकं कळतं. आतली मुळव्याध या सीमेच्या वर असते. त्यामुळे ती रक्त पाडते, कधी मोड होऊन बाहेर येते, पण सहसा दुखत नाही. फिशर म्हणजे खालच्या नाजूक कातडीला पडलेली उभी चीर. आयुर्वेदातलं तिचं नाव परिकर्तिका, म्हणजे चहूबाजूंनी कातरल्यासारखी वेदना. रुग्णांकडून ऐकल्याशिवाय असं नाव सुचत नाही. मुळव्याधीत अचानक आणि असह्य दुखतं ते मुख्यतः बाहेरच्या मोडात रक्ताची गाठ धरली तर. तेव्हा कडेला निळसर, टणक गाठ लागते, आणि तिचं दुखणं शौचाला जा किंवा जाऊ नका, दिवसभर असतं.

बाईंना तपासणाऱ्या सर्जन महिला होत्या, म्हणून निम्मा संकोच दारातच उतरला. कुशीवर झोपवून त्यांनी कडा फक्त हलक्या हाताने बाजूला केल्या. बोट घालून तपासलं नाही, दुर्बीण तर नाहीच. ताज्या वेदनेत ते करणं म्हणजे छळ असतो आणि निदानासाठी त्याची गरजही नसते. मागच्या बाजूला, बरोबर मध्यरेषेत चीर होती आणि तिच्या खालच्या टोकाला कातडीची एक घडी. हाताला लागणारा कोंब तो हाच. जुन्या जखमेच्या दाराशी उभा असल्यासारखा तो दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला पहारेकरी मोड म्हणतात. चीर सहा-आठ आठवड्यांहून जुनी झाल्याची ती खूण.

आता प्रश्न असा, की तोंडात गाल चावला तर काही दिवसांत भरून येतो, मग ही चीर तीन महिने का उघडी राहिली?

कारण चीर एकटी नसते. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं आपल्या इच्छेने आवळतं. आतलं आपलं ऐकत नाही, ते रात्रंदिवस आपणहून आवळलेलं राहतं. चीर दुखली की हे आतलं कडं पेटका आल्यासारखं आणखी आवळतं. शौचानंतर दोन तास जो ठणका लागतो, त्यात मोठा वाटा या पेटक्याचा. मागच्या मध्यरेषेला रक्तपुरवठा मुळातच तोकडा, तोही आवळलेल्या स्नायूतून आणखी कमी होतो, आणि रक्त नाही म्हणजे भरणं नाही. इकडे दुखण्याच्या धास्तीने माणूस ‘आज नको, उद्या’ करतो. आतड्यात थांबलेल्या मलातलं पाणी शोषलं जातं, तो दगडासारखा होतो, आणि परवा तीच चीर पुन्हा फाटते. बाई तर शौचालाच येऊ नये म्हणून कमी जेवू लागल्या होत्या. त्याने चाक आणखी जोरात फिरलं.

दुकानातून आणलेल्या ट्यूबमध्ये बहुधा बधिर करणारं औषध असतं आणि सोबत थोडं स्टेरॉइड. बधिरपणाने अर्धा तास बरं वाटतं. मल घट्टच राहतो, कडंही आवळलेलंच राहतं. स्टेरॉइड आठवड्याहून जास्त लावत राहिलं तर तिथली कातडी पातळ होते, म्हणजे जी कातडी भरायला हवी तीच कमकुवत होते. मलम वाईट नव्हतं. त्याच्यावर जे काम टाकलं होतं ते त्याचं नव्हतं.

बाईंच्या चिठ्ठीवर मलमाचं नाव शेवटी होतं. आधी मल मऊ करायचा होता. डॉक्टरांनी एका दिवसाचं जेवण विचारलं: सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात दोन पातळ पोळ्या आणि थोडी भाजी, रात्री आमटी-भात. यातला चोथा, म्हणजे तंतू, पंधरा ग्रॅमच्या आसपासच भरतो; दिवसाला पंचवीस ते तीस ग्रॅम हवा. डब्यातल्या पोळ्यांऐवजी ज्वारीची भाकरी, संध्याकाळी एक पेरू, जेवणात वाटीभर मोड आलेली मटकी, एवढ्यावर फरक बराच भरून निघतो. उरलेल्यासाठी रात्री इसबगोल: पहिले चार दिवस एक चमचा, मग दोन. पहिल्याच रात्री चार चमचे घेणारे दुसऱ्या दिवशी गुबारा धरून ‘मला हे सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. इसबगोल मोठ्या पेल्याभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी घ्यायचं. पाण्याशिवाय तेच इसबगोल आत लगद्यासारखं बसतं आणि बद्धकोष्ठ वाढवतं.

चोथ्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, आणि तेवढ्यात रोज चीर फाटू द्यायची नसते. म्हणून पहिले काही आठवडे झोपताना लॅक्टुलोजचं सिरप दिलं. हे आतड्यात पाणी धरून ठेवतं. सोनामुखीच्या चूर्णासारखं आतडं पिळून मल ढकलत नाही. लोहाची गोळी बंद करायची नव्हती, रक्त कमीच होतं. डॉक्टरांनी ती एक दिवसाआड केली.

मग टबातली बैठक. कमोडवर बसणारं प्लास्टिकचं उथळ भांडं मेडिकलमध्ये मिळतं, नसेल तर रुंद घमेलं चालतं. मनगटाला सुखद लागेल इतकंच कोमट पाणी. कढत पाण्याने तिथली कातडी भाजलेली उदाहरणं आहेत. कंबर नाही, फक्त बैठक बुडेल इतक्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचानंतर लगेच तर नक्कीच. पाण्यात काय टाकायचं? काहीच नाही. जांभळं पोटॅशियम, मीठ, जंतुनाशक यांनी चीर चुरचुरते आणि फायदा काही होत नाही. ऊब लागली की कडं सैल पडतं, ठणका उतरतो, आणि तेवढंच टबाचं काम. चीर त्याने लवकर भरते असं ठामपणे म्हणता येत नाही. उठल्यावर मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही.

मलमही बदललं. डिल्टियाझेम दोन टक्के, दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढं, बोटाने खोल न घालता कडेला आणि किंचित आत. रक्तदाबावर गोळी म्हणून वापरलं जाणारं हे औषध इथे आतल्या कड्याला ढिलं करतं, म्हणजे रक्त पुन्हा चिरेपर्यंत पोचतं. याच कामासाठी नायट्रोग्लिसरिनचंही मलम आहे, पण त्याने अनेकांचं डोकं ठणकतं, आणि लैंगिक ताकदीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेणाऱ्याने ते लावलं तर रक्तदाब धोकादायक उतरतो. मलम कोणतंही असो, मुदत सहा ते आठ आठवडे.

आणि गाडी नेमकी इथेच अडते. बाईंचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात थांबलं. मलम राहिलं, इसबगोल राहिलं. मग भाच्याचं लग्न, दोन दिवस गाडीतला प्रवास, बुंदी आणि मसालेभात, पाणी नाही. चौथ्या दिवशी तीच काच, तीच कळ. वेदना गेली तरी नवी कातडी तेव्हा कागदासारखी पातळ असते. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं, या खेपेला पूर्ण आठ आठवडे.

एवढं करूनही चीर भरली नसती तर पुढची पायरी कड्यात बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा त्याचा थोडा भाग कापून ते कायमचं सैल करणं. या छोट्या शस्त्रक्रियेने नव्वद टक्क्यांहून जास्त फिशर बरे होतात. किंमत अशी, की काही जणांना नंतर वायू रोखता येत नाही. नैसर्गिक बाळंतपणं झालेल्या बाईच्या कड्याला आधीच इजा झालेली असू शकते, म्हणून बाईंच्या बाबतीत सर्जनना घाई नव्हती. ‘बिनऑपरेशन, एका इंजेक्शनात मुळव्याध गायब’ अशा पाट्या लावणाऱ्यांकडे हा विचार नसतो. तिथल्या दाहक इंजेक्शनांनी गुदद्वाराची कातडी सडून आलेले रुग्ण सर्जनांना निस्तरावे लागतात.

काही तक्रारींना ट्यूब आणि टब दोन्ही लावून वाट पाहू नये. चीर मध्यरेषा सोडून कडेला असेल तर क्षयरोग, क्रोनचा आजार किंवा कर्करोग शोधावा लागतो. ताप आणि सतत वाढणारी ठणकती सूज म्हणजे बहुधा गळू, आणि ते त्याच दिवशी फोडावं लागतं. मलात मिसळलेलं काळपट रक्त, घटणारं वजन, बदललेली शौचाची सवय, किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच दिसलेलं रक्त, यात मोड डोळ्यांना दिसत असला तरी आतड्याची दुर्बिणीने तपासणी होते. मुळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला असू शकतात, आणि पहिली दिसली म्हणून दुसरा शोधायचाच राहून जातो.

शेवटच्या भेटीत बाईंनी विचारलं, "डॉक्टर, दुखत काहीच नाही, पण तो मोड हाताला लागतोच की."

"ती नुसती कातडी आहे, बाई. चीर भरली तरी ती तशीच राहते. टोचत नसेल, धुताना अडचण नसेल तर राहू द्या."

शाळेच्या संडासाला मात्र कडी अजून बसलेली नाही. बाई आता सकाळी सहाला उठतात, गरम पाणी पितात आणि पायाखाली पाट घेऊन कमोडवर बसतात, फोन बाहेर ठेवून.