चाक चालतं २२० सेंमी, ठिपका चालतो २८०

सायकलच्या टायरवर पांढऱ्या ऑइलपेंटचा एक ठिपका द्या. ठिपका जमिनीला टेकेल अशी सायकल उभी करा आणि तो पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत ती हळूहळू पुढे न्या. चाकाची त्रिज्या ३५ सेंमी धरली तर चाकाचा एक फेरा म्हणजे २२० सेंमी. सायकल तेवढीच पुढे सरकली. ठिपका मात्र सरळ गेलेला नाही. तो जमिनीवरून उठला, ७० सेंमी उंचीवर गेला आणि पुन्हा खाली आला. हवेत त्याने एक कमान काढली. तिला सायक्लॉइड म्हणतात. या कमानीवरून ठिपका नक्की किती अंतर चालला?

आकडेमोडीला हात घालण्याआधी साधा अंदाज घेऊ. सरळ रेषेहून जवळचा रस्ता नसतो, म्हणून उत्तर २२०पेक्षा जास्तच असणार. ठिपका आधी पायऱ्यांसारखा सरळ वर, मग आडवा, मग सरळ खाली असा गेला असता, तर २२० अधिक ७० अधिक ७० म्हणजे ३६० सेंमी झाले असते. कमान त्याहून नक्कीच छोटी. म्हणजे उत्तर २२० आणि ३६०च्या मध्ये कुठेतरी आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे चूक पकडायला कामी येतील.

आता ठिपक्याची जागा सांगायची आहे. तो किती पुढे आहे आणि किती उंचावर आहे, या दोन्ही गोष्टी चाक किती फिरलं यावर ठरतात. चाक फिरलेल्या कोनाला t म्हणू. ज्या एका राशीवर बाकीच्या राशी अशा टांगलेल्या असतात तिला गणितात प्राचल म्हणतात. चाकाचा आस जमिनीपासून कायम r उंचीवर असतो आणि t कोन फिरेपर्यंत rt इतका पुढे जातो. ठिपका आसाच्या r sin t मागे आणि r cos t खाली असतो. म्हणून

x = r(t − sin t), y = r(1 − cos t)

कमान वाकडी असली तरी तिचा अगदी बारीक तुकडा सरळच धरता येतो. तो तुकडा म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. आडवी बाजू पुढे सरकल्याची, उभी बाजू वर चढल्याची. पायथागोरसचा नियम लावायचा, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं आणि अशा असंख्य तुकड्यांची बेरीज करायची. ही बेरीज म्हणजेच संकलन. चाक किंचित फिरलं की ठिपका आडवा r(1 − cos t) या दराने आणि उभा r sin t या दराने सरकतो. तेव्हा लांबी अशी:

L = ∫ √[ r²(1 − cos t)² + r² sin² t ] dt, t = 0 ते 2π

इथे पुष्कळजण पहिली चूक करतात. वर्गमूळाखाली दोन वर्ग दिसले की त्यांची मुळं वेगवेगळी काढून बेरीज करतात. तीन आणि चारच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ पाच येतं, सात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी sin आणि cos दिसले की हात घसरतो. असं केलं तर उत्तर बरोबर ३६० सेंमी येतं, म्हणजे मघाचा पायऱ्यांचा रस्ता. कर्णाऐवजी दोन्ही बाजू मोजल्या गेल्या.

दुसरी चूक घाईची. मुळाखालचं तसंच ठेवून संकलनाच्या युक्त्या लढवायला जाणं. इथे संकलन अवघड नाही, मुळाखालचा पसारा अवघड आहे. तो आधी आवरायचा. r² बाहेर काढून कंस सोडवा:

1 − 2cos t + cos² t + sin² t = 2 − 2cos t

cos² आणि sin² यांची बेरीज एक, त्यामुळे पसारा निम्मा झाला. पण इथेच थांबलं तर √(2 − 2cos t) हाताशी राहतं आणि मूळ काही सुटत नाही. आणखी एक पायरी हवी. अर्ध्या कोनाचं सूत्र सांगतं की 1 − cos t म्हणजे 2 sin²(t/2). म्हणून

2 − 2cos t = 4 sin²(t/2)

आता मुळाखाली पूर्ण वर्ग आहे. मूळ निघून गेलं आणि हातात 2r sin(t/2) राहिलं. याचं संकलन बारावीचा विद्यार्थी दोन ओळींत करतो: −4r cos(t/2). याच्या दोन टोकांच्या किमतींमधला फरक 4r + 4r, म्हणजे 8r. ३५ सेंमीच्या चाकासाठी २८० सेंमी. आपल्या दोन आकड्यांच्या मध्ये उत्तर नीट बसतं.

या उत्तरात π कुठेच नाही, हे गमतीचं आहे. गोल चाकातून निघालेल्या वक्राची लांबी त्रिज्येच्या बरोबर आठपट, पूर्णांकात. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७मध्ये लिहिलं होतं की, वक्र आणि सरळ रेषांचं नेमकं गुणोत्तर माणसाला कळण्यासारखं नाही. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १६५८मध्ये, क्रिस्टोफर रेनने सायक्लॉइडची ही लांबी शोधून काढली. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल ज्याने पुढे बांधलं, तोच हा रेन. त्या वेळी न्यूटन आणि लायब्निझचं कलनशास्त्र यायचं होतं.

वर्गमूळातून सुटलेल्या 2r sin(t/2) या राशीकडे जरा निरखून पाहा. ती ठिपक्याचा वेग सांगते. ठिपका जमिनीला टेकलेला असतो तेव्हा t शून्य, म्हणून वेगही शून्य. अगदी वर असतो तेव्हा तो 2r होतो, आसाच्या वेगाच्या दुप्पट. धावत्या सायकलच्या फोटोत चाकाच्या खालच्या तारा स्पष्ट आणि वरच्या पुसट दिसतात, त्याचं कारण हेच.

आता एक छुपा खड्डा. ठिपक्याला एकाऐवजी दोन फेरे मारू द्या, म्हणजे t शून्यापासून 4π पर्यंत. तेच संकलन तसंच पुढे चालवलं तर उत्तर येतं शून्य! ठिपका ५६० सेंमी चालला आणि गणित म्हणतं, हललाच नाही. चूक मूळ काढताना झाली. एखाद्या राशीच्या वर्गाचं वर्गमूळ म्हणजे ती राशी नव्हे, तिचं केवल मूल्य, चिन्ह काढून टाकलेलं. पहिल्या फेऱ्यात sin(t/2) धन असतो म्हणून काही बिघडलं नाही. दुसऱ्या फेऱ्यात तो ऋण होतो आणि पहिल्या फेऱ्याची लांबी खाऊन टाकतो. लांबी शून्य किंवा ऋण आली की आधी इथेच पाहावं. उपाय सोपा आहे. चिन्ह जिथे बदलतं तिथे संकलन तोडायचं, किंवा एका फेऱ्याची लांबी काढून दोनने गुणायचं.

मुळाखालचं एकदा आवरलं की तेच काम पुन्हा उपयोगी पडतं. ही कमान रस्त्याच्या रेषेभोवती गरकन फिरवली अशी कल्पना करा. २२० सेंमी लांब, मध्यभागी १४० सेंमी जाड, असं एक लांबट कलिंगड तयार होईल. त्याच्या सालीचं पृष्ठफळ किती? कमानीचा प्रत्येक बारीक तुकडा फिरून एक कडं होतो. कड्याचा घेर 2πy आणि रुंदी म्हणजे त्या तुकड्याची लांबी. दहावीत शंकूच्या वक्र पृष्ठफळासाठी आपण सरळ उंची न घेता तिरकस उंची घेतो. इथेही तसंच, रुंदी तिरकी मोजायची. आणि ती तर आपण काढून ठेवलेली आहे:

S = ∫ 2π · r(1 − cos t) · 2r sin(t/2) dt

मघाचंच सूत्र y मध्ये वापरलं की आत फक्त sin³(t/2) उरतो:

S = 8πr² ∫ sin³(t/2) dt = 64πr²/3

३५ सेंमीसाठी हे सुमारे ८.२ चौरस मीटर होतं. तिरक्या रुंदीऐवजी चुकून आडवी रुंदी, म्हणजे dx, घेतली तर सुमारे ७.२५ चौरस मीटर येतं. टोकांजवळची जवळपास उभी साल त्यात मोजलीच जात नाही.

मग प्रत्येक वेळी मुळाखाली पूर्ण वर्ग सापडतो का? नाही, आणि ते दाखवायला सायकल बदलायची गरज नाही. तारांमध्ये अडकवलेला रिफ्लेक्टर घ्या. तो आस आणि टायर यांच्या बरोबर मध्यावर आहे असं समजू. त्याचं आसापासूनचं अंतर d म्हटलं तर मुळाखाली हे येतं:

r² + d² − 2rd cos t

d आणि r सारखे असतील, म्हणजे ठिपका टायरवरच असेल, तर हे मघाचंच रूप होतं आणि मूळ सुटतं. d शून्य असेल, म्हणजे ठिपका आसावरच असेल, तेव्हाही ते सुटतं आणि उत्तर २२० येतं. मधल्या कुठल्याही जागी ते सुटत नाही. कोणतंही त्रिकोणमितीय सूत्र लावून पूर्ण वर्ग होत नाही आणि नेहमीच्या फलांत उत्तर लिहिता येत नाही. लंबवर्तुळाचा परीघ काढतानाही हीच अडचण येते, म्हणून अशा संकलनांना लंबवर्तुळावरूनच नाव पडलेलं आहे. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत मूळ दरवेळी सुटतं, कारण उदाहरणं तशी निवडलेली असतात.

मूळ सुटलं नाही म्हणून लांबी नाहीशी होत नाही, ती आकड्यांनी काढायची. रिफ्लेक्टरसाठी d म्हणजे r चा अर्धा भाग. मग मुळाखाली r² बाहेर काढून 1.25 − cos t उरतं. चाकाचा फेरा दर ४५ अंशांवर असा आठ ठिकाणी थांबवा आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं वर्गमूळ काढा: 0.5, 0.737, 1.118, 1.399, 1.5, आणि पुढे उलट क्रमाने तेच. आठांची सरासरी 1.063. तिला २२० सेंमीने गुणलं की झालं. फक्त आठ थांबे घेऊनही हे उत्तर सेंटिमीटरपर्यंत बरोबर आहे.

तेव्हा एकाच चाकाच्या एकाच फेऱ्यात आस चालतो २२० सेंमी, तारांच्या मध्यावरचा रिफ्लेक्टर २३४ आणि टायरवरचा ठिपका २८०.