पडून राहिलेलं डिमॅट खातं आणि दरवर्षीची वजावट

डिमॅट खातं वापरलं नाही म्हणून त्याचं शुल्क थांबत नाही. शेअर बाजाराचं अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकलं, ट्रेडिंग खातं बंद केलं, किंवा सुरक्षिततेसाठी डिमॅट खातं गोठवून घेतलं, तरी वार्षिक देखभाल शुल्काची नोंद होतच राहते. बँकेत किंवा ब्रोकरकडे पैसे शिल्लक असतील तर ते त्यातून वळतं होतं. नसतील तर थकबाकी म्हणून साठत जातं आणि त्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो. म्हणून हे शुल्क थांबवायचं असेल तर मार्ग दोनच आहेत. एक, खातं रीतसर बंद करणं. दोन, ते ‘बेसिक सर्व्हिसेस डिमॅट अकाउंट’ या प्रकारात बदलून घेणं.

या दुसऱ्या प्रकाराला बाजारात बीएसडीए म्हणतात. सेबीने छोट्या गुंतवणूकदारांसाठी तो २०१२ साली आणला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून त्याची मर्यादा बरीच वाढवली. आता खात्यातल्या गुंतवणुकीचं मूल्य चार लाख रुपयांपर्यंत असेल तर वार्षिक शुल्क शून्य. चार लाखांच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर वर्षाला शंभर रुपये. त्यापुढे मात्र नेहमीचं शुल्क लागतं. सर्वसामान्य घरातली बरीच खाती या चार लाखांच्या आत बसतात. तरीही अनेकांना पूर्ण शुल्क भरावं लागतं, कारण यातली एक अट त्यांच्या लक्षात आलेली नसते. एकमेव किंवा पहिला खातेदार म्हणून तुमच्या नावावर देशभरात एकच डिमॅट खातं असावं लागतं. एक एनएसडीएलमध्ये आणि दुसरं सीडीएसएलमध्ये असलं तरी ती दोन खातीच धरली जातात. जोडीदाराच्या खात्यात तुमचं नाव दुसरं असेल, तर ते मात्र तुमच्या हिशेबात येत नाही.

म्हणजे दोन खाती असलेल्या माणसासाठी हे दोन मार्ग वेगळे राहत नाहीत. जास्तीचं खातं बंद केल्याशिवाय उरलेल्या खात्याला सवलत मिळत नाही. सुरुवात तिथूनच करावी लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन पाहू. एका निवृत्त शिक्षिकेने जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरच्या आयपीओसाठी बँकेत डिमॅट खातं उघडलं. त्यात आज साठ हजारांचे शेअर आहेत आणि शुल्क आहे वर्षाला सहाशे रुपये, अधिक जीएसटी, म्हणजे ७०८ रुपये. २०२१ मध्ये मुलाने त्यांना मोबाइलवरून दुसरं खातं काढून दिलं. त्यात तीन लाखांची गुंतवणूक आहे. दोन्ही मिळून होतात तीन लाख साठ हजार. एवढी रक्कम एकाच खात्यात असती तर शुल्क शून्य झालं असतं. पण खाती दोन असल्यामुळे त्यांना दोन्हीकडे पूर्ण शुल्क पडतं.

आपल्या नावावर नेमकी किती खाती आहेत याची खात्री नसेल, तर ईमेलवर येणारं एकत्रित खातेविवरण, म्हणजे ‘कॅस’, उघडून पाहावं. ते पॅनवरून तयार होतं आणि त्यात दोन्ही डिपॉझिटरींमधली खाती दिसतात. खाते क्रमांक ‘आयएन’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होत असेल तर ते एनएसडीएलचं खातं. सोळाही अंकच असतील तर सीडीएसएलचं.

बाईंचं पुढचं काम थकबाकी फेडण्याचं. समजा, तीन वर्षांचं शुल्क राहिलंय, म्हणजे २१२४ रुपये. हे देणं मिटल्याशिवाय खातं बंद करण्याचा अर्ज पुढे सरकत नाही. पण नुसता आकडा ऐकून पैसे भरू नयेत. कोणत्या वर्षाचं किती, त्यावर व्याज लावलंय का, याचं लेजर आधी मागून घ्यावं. ज्यांचं खातं एकच आहे आणि मूल्यही मर्यादेत आहे, त्यांनी तर हे लेजर नीट तपासायलाच हवं. सप्टेंबर २०२४ नंतरच्या नियमानुसार पात्र खातं बेसिक प्रकारात बदलणं हे संस्थेचंच काम आहे. खातेदाराने नोंदणीकृत ईमेलवरून नेहमीचं खातं हवं असं कळवलं असेल, तेवढाच अपवाद. त्यामुळे पूर्ण शुल्क कशाच्या आधारावर लावलं, हे लेखी विचारता येतं.

देणं मिटलं की शेअर हलवायचे. बाईंना जुने शेअर विकायचे नाहीत. नव्या ब्रोकरकडून त्यांनी ‘क्लायंट मास्टर लिस्ट’ घ्यायची. नव्या खात्याचा क्रमांक, नाव, पॅन आणि बँक खातं असा सगळा तपशील या कागदावर असतो. तो बंद करण्याच्या अर्जाला जोडला आणि ‘सर्व शेअर या खात्यात वळवून खातं बंद करावं’ हा पर्याय निवडला, की दोन्ही कामं एकाच अर्जात होतात. दोन्ही खात्यांवरचे खातेदार तेच आणि त्याच क्रमाने असतील तर या हस्तांतरणाला शुल्क लागत नाही. खातं संयुक्त असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि वापरायच्या राहिलेल्या डिलिव्हरी स्लिपा परत द्याव्या लागतात. बऱ्याच ब्रोकरांकडे हा अर्ज आता आधारच्या ई-सहीने ऑनलाइनही करता येतो.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा शिल्लक शून्य न झाल्यामुळे. एखादा शेअर तारण ठेवलेला असतो. म्युच्युअल फंडाच्या युनिटचा दशांश उरलेला असतो. किंवा बाजारातून बाहेर गेलेल्या एखाद्या कंपनीचे शेअर पडून असतात. असे शेअर विकता येत नसले तरी बहुधा दुसऱ्या खात्यात वळवता येतात. तेही जमलं नाही, तर विचार उलटा करावा. जे खातं बंद होत नाही तेच ठेवायचं, दुसऱ्यातले शेअर त्यात आणायचे आणि ते दुसरं बंद करायचं.

जुन्या खात्याचं लॉगिन बंद होण्याआधी खरेदीच्या नोंदी उतरवून घ्याव्यात. शेअर नव्या खात्यात जातात, पण कोणत्या तारखेला आणि काय भावाने घेतले होते हे नव्या ब्रोकरला माहीत नसतं. उद्या विक्री झाली की भांडवली नफ्याचा कर याच आकड्यांवरून ठरतो. लाभांशही यापुढे नव्या डिमॅटला जोडलेल्या बँक खात्यात येईल, म्हणून ते बँक खातं चालू आहे ना हे पाहावं.

वर्षाचं शुल्क आगाऊ घेतलं असेल तर उरलेल्या तिमाहींचे पैसे परत मिळतात. हे वर्ष खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजतात. बाईंचं खातं १० जानेवारीचं आहे आणि ते २० एप्रिलला बंद झालं असं धरू. दुसरी तिमाही नुकतीच सुरू झालेली असली तरी ती पूर्ण धरली जाते. राहिलेल्या दोन तिमाहींचे, म्हणजे सहाशेपैकी तीनशे रुपये त्यांना परत मिळायला हवेत. हे पैसे आपणहून आले नाहीत तर लेखी मागावेत.

खातं बंद झाल्याचा ईमेल आला की नव्या ब्रोकरला कळवायचं, ‘आता माझ्या नावावर हे एकच खातं आहे, ते बीएसडीएमध्ये बदला.’ पात्रतेची तपासणी दर तिमाहीला होते, त्यामुळे थोडा वेळ लागू शकतो. पुढच्या ‘कॅस’मध्ये जुनं खातं दिसत नाही ना, आणि नव्या लेजरवर शुल्काची नोंद शून्य आहे ना, एवढं तपासलं की काम झालं. संस्थेने अर्ज दाबून ठेवला तर आधी तिच्याच तक्रार विभागाला लिहावं. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करता येते. थकबाकी भरल्याची पावती आणि अर्जाची पोच हाती असेल, तर त्या तक्रारीला उत्तर देणं संस्थेला टाळता येत नाही.