मिशीतली गंमत

मुलांनो, शनिवारी संध्याकाळी आजी-आजोबांपासून धाकट्या भावंडापर्यंत सगळ्यांनी मिळून एक विनोदी सिनेमा बघायचं ठरलंय. पण कोणता? आजोबांना जरा कमी ऐकू येतं. धाकटीला खालची अक्षरं वाचता येत नाहीत. भलताच सिनेमा लावला, तर दोघं हसतील आणि बाकीचे जांभया देतील.

निवडताना एकच प्रश्न विचारा : यातली गंमत नुसती ऐकायची आहे, की डोळ्यांना दिसतेसुद्धा?

हृषीकेश मुखर्जींचा १९७९ सालचा ‘गोलमाल’ घ्या. आपले अमोल पालेकर त्यात रामप्रसाद झालेत आणि उत्पल दत्त त्याचे साहेब, भवानीशंकर. या साहेबांना मिशीचा भारी अभिमान! ज्याला मिशी नाही, तो माणूस बेभरवशाचा, असं त्यांचं ठाम मत. खोटं सांगून रजा काढलेला रामप्रसाद त्यांना हॉकीच्या सामन्याला दिसतो. मग नोकरी वाचवायला तो थाप मारतो, की तो मी नव्हेच, तो माझा बिनमिशीचा जुळा भाऊ! आता खरी मिशी उतरवायची आणि खोटी लावून कचेरीत जायचं.

बघा हं, हे गुपित आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त साहेबांना. म्हणून मिशी असली की रामप्रसाद, नसली की त्याचा भाऊ, एवढं कळलं तरी पाच वर्षांची धाकटीसुद्धा हसते. एखादं वाक्य निसटलं, तरी आजोबांची गंमत बुडत नाही. थाप लपवायला मग खोटी आईही आणावी लागते! त्या दीना पाठक. एका थापेपायी किती थापा, हे कुणी समजावून सांगायला नको.

दुसरी खूण : हसू कुणाला येतंय आणि कुणाच्या जिवावर? काही सिनेमांत तोतरं बोलणाऱ्याची, जाड्या माणसाची किंवा विसरभोळ्या म्हाताऱ्याची टिंगल असते. अशा वेळी आजी गप्प झाल्या, तर समजा निवड चुकली. ‘गोलमाल’मध्ये फजिती होते ती थापेची आणि हट्टाची.

एक अडचण मात्र आहे. सिनेमा जवळजवळ अडीच तासांचा आहे. साडेसहालाच सुरू करा. जुळ्या भावाची थाप मारून झाली, की जेवणासाठी थांबवा. पुढं काय होईल, याची चर्चा ताटावर रंगते. धाकटी पेंगू लागली, तर उरलेला रविवारी बघा. आजोबांची खुर्ची आवाजाजवळ ठेवा. आणि आईबाबांनो, शेवटची पळापळ आधी एकदा बघून ठेवा. लहानगं घाबरणारं असेल, तर त्याला मांडीवर घ्या.

आणि हो, शेवटच्या फोटोत भवानीशंकरांच्या ओठांवर काय दिसतं, ते सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येतं बघा. आजोबांच्या, की धाकटीच्या?