'पासून' मराठीत एक, इंग्रजीत दोन!

एकलहरेच्या औष्णिक वीज केंद्रात 5 वर्षे काम केलेला एखादा तरुण मुलाखतीत सांगतो, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' शब्द इंग्रजी, पण वाक्य 'मी 5 वर्षांपासून काम करतोय' हेच. मराठीत 'करतोय' आणि 'पासून' एवढ्यावर भागते. इंग्रजीत आधी पाहायचे, काम पूर्वी सुरू होऊन अजून चालू आहे का? असेल तर 'हॅव बीन वर्किंग'. मग पुढे काय येते? 5 वर्षे हा कालावधी, म्हणून 'फॉर'. 2020 ही सुरुवात, म्हणून 'सिन्स'. मराठी वाक्य मनात जुळण्याआधीच हे ठरवायचे. सरावाला बसथांबाही पुरतो: 'आय हॅव बीन वेटिंग फॉर टेन मिनिट्स' असे थेट मनात म्हणावे. आपल्याकडे चुकीचे वाक्यही सगळ्यांना कळते, म्हणून कोणी टोकत नाही.