परीक्षकांच्या प्रश्नात दडलेला शेरा

हॅकेथॉनमध्ये परीक्षक एकेका संघासमोर थोडाच वेळ थांबतात आणि बरंचसं बोलतात ते प्रश्नांतूनच. त्यामुळे नंतर ध्वनिमुद्रण ऐकून बलस्थानं, उणिवा आणि सल्ला असे तीन रकाने भरताना खरी कसोटी लागते ती या प्रश्नांपाशी.

समजा, एका संघानं कांद्याचे बाजारभाव सांगणारं ॲप दाखवलं. परीक्षक विचारतात, ‘गावात नेट गेलं तर?’ हा प्रश्न लगेच उणिवांत टाकू नये, आधी उत्तर ऐकावं. ‘शेवटचा भाव फोनमध्ये साठवतो,’ असं म्हणून संघानं ते करून दाखवलं, तर ते बलस्थान. ‘पुढे करू’ म्हणाले, तर उणीव. त्यावर परीक्षक ‘निदान एसेमेस तरी पाठवा’ म्हणाले, की तो सल्ला. प्रत्येक नोंदीपुढे मिनिट-सेकंद लिहावेत, म्हणजे शंका आल्यास मूळ बोलणं पुन्हा ऐकता येतं.

दोन परीक्षकांचं पटलं नाही, तर मधला सूर काढू नये. एकाला पडद्याची रंगसंगती आवडली, दुसऱ्याला ती अक्षरं उन्हात वाचता येणार नाहीत असं वाटलं, तर दोन्ही मतं तशीच द्यावीत. नुसतं ‘छान, छान’ मात्र मी गाळतो. नेमकं काय छान झालं, हे त्यातून संघाला कळत नाही.