राउटर मध्येच बंद-चालू होतो तेव्हा

घरातले वाय-फाय तुटण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, पण मोबाइलच्या पडद्यावर ते सारखेच दिसतात. एका प्रकारात राउटर व्यवस्थित चालू असतो, फक्त त्याच्यापर्यंत येणारे इंटरनेट थांबलेले असते. दुसऱ्या प्रकारात राउटर स्वतःच क्षणभर बंद पडतो आणि नव्याने सुरू होतो. पहिल्यात तक्रार कंपनीकडे करावी लागते. दुसऱ्याचे मूळ मात्र बहुधा घरातच, राउटरच्या अॅडॅप्टरमध्ये किंवा तो ठेवलेल्या जागेत सापडते.

फरक ओळखणे अवघड नाही. नेट गेले त्या क्षणी मोबाइलमध्ये वाय-फायची यादी उघडून पाहावी. घरच्या वाय-फायचे नाव यादीत दिसत असेल आणि फक्त पाने उघडत नसतील, तर राउटर जागा आहे. फायबरच्या जोडणीत अशा वेळी LOS लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर बिघाड बाहेरच्या तारेत आहे. याउलट नावच यादीतून नाहीसे झाले, राउटरचे सगळे दिवे एकदम विझले आणि मग एकेक करून लागत गेले, तर राउटर रीस्टार्ट झाला आहे. यात दोन-तीन मिनिटे जातात. समोर कुणी नसताना असे घडले असेल, तरी त्याची नोंद मागे राहते. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, बहुधा `192.168.1.1`, टाकून आत गेल्यावर System Uptime अशी ओळ दिसते. राउटर सलग किती वेळ चालू आहे ते तिथे कळते. आठवडाभर कुणी हात लावलेला नसताना तो आकडा चाळीस मिनिटांचा असेल, तर संशयाला जागा उरत नाही. घरगुती राउटरमध्ये घड्याळ जपणारी बॅटरी सहसा नसते. त्यामुळे त्याच्या नोंदवहीत मध्येच १ जानेवारी १९७० किंवा अशीच एखादी जुनी तारीख दिसली, तर तोही रीस्टार्टचाच पुरावा.

राउटर असा का कोसळतो, हे समजण्यासाठी विजेचा आतला प्रवास पाहावा लागतो. अॅडॅप्टर भिंतीतल्या २३० व्होल्टचे बहुधा १२ व्होल्ट डीसी करतो. राउटरमधल्या चिपना मात्र ३.३ व्होल्ट, काहींना तर जेमतेम १ व्होल्ट लागतो. म्हणून राउटरच्या पाटीवर हे १२ व्होल्ट आणखी खाली आणणारी सर्किटे असतात. या सर्किटांचा एक गुण इथे निर्णायक ठरतो. चिपना लागणारी शक्ती ती कमी होऊ देत नाहीत. वरून येणारे व्होल्ट घसरले, तर ती अॅडॅप्टरकडून तितकाच जास्त करंट ओढून भरपाई करतात. राउटरला ९ वॅट लागत असतील, तर १२ व्होल्टवर पाऊण अँपिअर पुरतो, पण व्होल्ट ९ वर आले तर पूर्ण १ अँपिअर लागतो. म्हणजे अॅडॅप्टर दमला की राउटर त्याच्यावरचा भार उलट वाढवतो. त्याने व्होल्ट आणखी घसरतात, करंट आणखी वाढतो, आणि हा फेरा काही क्षणांत तळ गाठतो. व्होल्ट ठरावीक मर्यादेखाली गेले की चुकीचे गणित करत राहण्यापेक्षा प्रोसेसर स्वतःला नव्याने सुरू करतो. म्हणूनच अशक्त अॅडॅप्टरवर राउटर हळूहळू मंदावत नाही. तासन् तास बिनतक्रार चालतो आणि अचानक पडतो.

अॅडॅप्टर चुकीचा असण्याची सर्वांत साधी कथा अदलाबदलीची आहे. राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही या सगळ्यांच्या अॅडॅप्टरची गोल पिन बाहेरून सारखीच दिसते, आणि घर बदलताना किंवा साफसफाईत ते एकमेकांच्या जागी जातात. प्रत्येकाच्या पाठीवर OUTPUT या शब्दापुढे दोन आकडे छापलेले असतात. त्यातला व्होल्टचा आकडा राउटरखालच्या लेबलाशी तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा लेबलाइतका किंवा त्याहून जास्त असावा. जास्त अँपिअरने राउटर जळेल, ही भीती निराधार आहे. राउटर हवा तेवढाच करंट घेतो. जास्त व्होल्टने मात्र तो खरोखर जळू शकतो. पिनच्या आतल्या भोकाचाही घोळ होतो. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असलेल्या पिनेत आतले भोक कधी २.१, तर कधी २.५ मिलिमीटरचे असते. मोठ्या भोकाची पिन बारीक काडीच्या सॉकेटमध्ये बसते, पण ढिली. मग टेबलाला धक्का लागला तरी राउटर बंद-चालू होतो.

दुसरी शक्यता म्हातारपणाची. मूळचा, योग्य आकड्यांचा अॅडॅप्टरही तीन-चार वर्षे रात्रंदिवस चालून अशक्त होऊ शकतो, कारण आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. कपाटामागे, एक्स्टेंशन बोर्डावर इतर चार प्लगांच्या गर्दीत खोचलेला अॅडॅप्टर लवकर जातो, तो यामुळेच. कपॅसिटर आटला की भार नसताना व्होल्ट ठीक दिसतात, पण भार येताच ते घसरतात किंवा थरथरतात. घरात इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावर तो सुरू होईपर्यंतचा निमिषभराचा खंड चांगला अॅडॅप्टर निभावून नेतो. आटलेल्या अॅडॅप्टरला तेही जमत नाही, आणि लाइट गेली की राउटर हमखास रीस्टार्ट होतो.

आता एका कल्पित घराच्या उदाहरणावर हे सगळे लावून पाहू. नागपुरातल्या वरच्या मजल्यावरच्या घरात दोन बँडचा फायबर राउटर आहे आणि त्याच्या लेबलावर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिले आहे. मूळ अॅडॅप्टर जळाल्यावर त्याला जुन्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट, ०.५ अँपिअरचा अॅडॅप्टर लावला गेला. सकाळी एक-दोन मोबाइल जोडलेले असताना राउटर साडेपाच वॅट घेतो, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या आतच, आणि सगळे सुरळीत वाटते. संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा, लॅपटॉपवर मीटिंग आणि मोबाइलवर व्हिडिओ एकाच वेळी सुरू होतात. दोन्ही बँडचे रेडिओ जोरात प्रक्षेपण करू लागतात आणि मागणी ९ वॅटवर जाते. अॅडॅप्टरची क्षमता ६ वॅटची. व्होल्ट घसरतात, फेरा सुरू होतो, राउटर पडतो. पुन्हा उठताना प्रोसेसर पूर्ण जोराने चालतो आणि सगळी उपकरणे एकदम जोडली जाऊ पाहतात, म्हणून तो कित्येकदा लागोपाठ दोन-तीनदा पडतो. रात्री साडेअकरानंतर सगळे आपोआप शांत. घरच्यांना वाटते, संध्याकाळी कंपनीच्या लाइनवर गर्दी होते.

या घरात १२ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला अॅडॅप्टर आणला की संध्याकाळचा त्रास थांबतो. पण मे महिन्यात दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान वाय-फाय पुन्हा तुटू लागते, आणि आता कारण वेगळे असते. बहुतेक घरगुती राउटर भोवतालची हवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत असेल, असे धरून बनवलेले असतात. स्लॅबखालच्या खोलीतच ४१-४२ अंश असताना, राउटर टीव्हीच्या बंद कपाटात गरम सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला असेल, तर त्याच्या भोवतीची हवा ही मर्यादा केव्हाच ओलांडते. राउटरमध्ये सहसा पंखा नसतो. खालच्या भोकांतून थंड हवा आत यावी आणि वरच्या भोकांतून गरम हवा निघून जावी, एवढ्यावरच तो थंड राहतो. त्यामुळे धूळ बसू नये म्हणून घातलेला रुमालही त्याला महागात पडतो.

उष्णतेने होणारा बिघाड अॅडॅप्टरच्या बिघाडासारखा झटक्यात येत नाही, आणि हीच त्याची खूण आहे. आधी वेग मंदावतो. काही राउटर स्वतःला वाचवण्यासाठी प्रक्षेपणाची ताकद कमी करतात. कधी एकाच बँडचे, बहुधा ५ गिगाहर्ट्झचे, नाव यादीतून जाते आणि दुसरे राहते. त्या वेळी System Uptime मोजत राहतो, कारण फक्त रेडिओ थांबलेला असतो. शेवटी प्रोसेसरच अडकला, तर त्याच्यावर पहारा ठेवणारे सर्किट संपूर्ण राउटर रीस्टार्ट करते. बंद करून लगेच लावल्यास तो थोड्या वेळात पुन्हा पडतो, पण अर्धा तास थंड होऊ दिला तर बराच वेळ टिकतो.

दोन्ही कारणे वेगळी काढायची, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी राउटर कपाटाबाहेर उघड्यावर ठेवून त्याच्यावर टेबलफॅन सोडावा आणि दोन दिवस पाहावे. दुपारचे तुटणे थांबले तर उष्णता. संध्याकाळचे तसेच राहिले तर अॅडॅप्टर. मग शेजारून किंवा दुकानातून तेवढ्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा, चालता अॅडॅप्टर आणून पुन्हा दोन दिवस पाहावे. या अदलाबदलीइतकी खात्रीची दुसरी परीक्षा घरात होत नाही. मोकळ्या पिनेला मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये, कारण भाराशिवाय आजारी अॅडॅप्टरही १२ दाखवतो. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब भार म्हणून चालतो. तो सव्वाआठशे मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे १ अँपिअर किंवा जास्त क्षमतेचा अॅडॅप्टर त्याच्यावर तपासता येतो. थंड बल्ब पहिल्या क्षणी बराच जास्त करंट घेतो, म्हणून सुरुवातीची एखादी उघडझाप सोडून द्यावी. दहा-पंधरा मिनिटांनंतरही व्होल्ट ११.४ च्या वर असतील तर अॅडॅप्टर ठीक. दहावर आले किंवा बल्ब लुकलुकत राहिला, तर तो बदलावा. अॅडॅप्टर उघडून दुरुस्त करू नये. आतल्या एका कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

भारनियमनाच्या भागात राउटरला छोटा यूपीएस लावतात, तिथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. साध्या यूपीएसमध्ये लिथियमचे तीन सेल एकापुढे एक जोडून थेट बाहेर दिलेले असतात. भरलेले असताना ते १२.६ व्होल्ट देतात आणि संपत आले की ९ च्या आसपास येतात. वीज गेल्यावर पहिला अर्धा तास नेट चांगले आणि नंतर राउटर वारंवार पडतो, याचे कारण बहुधा हेच असते. बॅटरी उतरली तरी १२ व्होल्ट कायम ठेवणारे सर्किट असलेला यूपीएस घेतला की ही अडचण सुटते.

अॅडॅप्टर बदलून आणि राउटर मोकळ्या हवेत ठेवूनही तो पडतच राहिला, तर बिघाड राउटरच्या आत असतो. एकतर त्याच्या पाटीवरचे कपॅसिटर फुगलेले असतात, किंवा सॉफ्टवेअरमध्ये दोष असतो. सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहता येते. पाटी गेली असेल तर राउटर बदलणे स्वस्त पडते, आणि राउटर कंपनीने दिलेला असेल तर System Uptime चे दोन-तीन दिवसांचे आकडे टिपून मग तक्रार केली की तंत्रज्ञाला लाइन तपासण्यात वेळ घालवावा लागत नाही.