शॉट न झालेल्या चालीचा हिशेब

बोईसरच्या मैदानावर पावसाळ्यात झालेल्या एका मॅचमधली चाल आहे. मधल्या बॅकने समोरच्या मिडफिल्डरला साधा पास दिला. त्याने मान वर करून डाव्या विंगवर लांब बॉल टाकला. विंगरने तो आत, बॉक्सच्या थोडा अलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे वळवला, आणि त्या मुलाने दोन बॅकच्या मधून जेमतेम आठ मीटरचा थ्रू सोडला. पुढचा स्ट्रायकर चिखलात घसरला. समोरच्या बॅकने बॉल बाहेर मारला.

स्कोअरशीटवर या चालीचं काहीच उरत नाही. गोल नाही, असिस्ट नाही. शॉटच झाला नाही, म्हणून एक्सजीही शून्य, कारण एक्सजी शॉटपासून मोजायला सुरुवात करतं. मी या भागातल्या मुलांच्या मॅच मोबाईलवर घेतो आणि नंतर पास थांबवून थांबवून नोंदवतो: कुठून निघाला, कुठे पोचला, आपल्याच खेळाडूला मिळाला का. अंधारात राहिलेल्या चालींची किंमत या तीन नोंदींतूनच काढता येते.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे प्रोग्रेसिव्ह पास मोजणं. वायस्काउटचा नियम असा, की पास स्वतःच्याच अर्ध्यात सुरू होऊन तिथेच संपला, तर त्याने बॉल गोलच्या दिशेने किमान ३० मीटर जवळ न्यायला हवा. तो मधली रेषा ओलांडत असेल तर १५ मीटर पुरतात, आणि समोरच्यांच्या अर्ध्यातल्या अर्ध्यात असेल तर १०. हा नियम आमच्या चालीला लावून पाहिला, तर विंगवरचा लांब बॉल बसतो आणि विंगरचा आतला पासही बसतो. आठ मीटरचा थ्रू मात्र बाद ठरतो. ज्या पासने बचाव फोडला, तोच यादीत येत नाही. काही संस्था यासाठी बॉक्समध्ये पोचलेला प्रत्येक पास मोजतात. त्याने हा थ्रू वाचतो, पण तो आणि विंगवरचा बॉल यांना सारखाच एक-एक गुण मिळतो.

एक्स्पेक्टेड थ्रेट, म्हणजे एक्सटी, इथे उपयोगी पडतं. यामागचा विचार सारा रड यांनी २०११ साली मांडला होता. करुण सिंग यांनी पुढे त्याला सुटसुटीत रूप दिलं आणि हे नाव रुळलं. मैदानाची घरं पाडायची. प्रत्येक घराबद्दल जुन्या मॅचमधून पाहायचं, की इथे बॉल असताना खेळाडू किती वेळा शॉट मारतो आणि त्यातले किती गोल होतात, आणि शॉट मारत नाही तेव्हा बॉल पुढे कुठल्या घरांत जातो. घराची किंमत म्हणजे तिथून थेट गोल होण्याची शक्यता, अधिक पुढच्या घरांच्या किमतीतला वाटा. आता पुढच्या घरांची किंमतही त्यांच्या पुढच्या घरांवर अवलंबून असते. म्हणून सुरुवातीला सगळी घरं शून्य धरतात आणि हिशेब पुन्हा पुन्हा फिरवतात. पहिल्या फेरीत फक्त गोलाजवळची घरं उजळतात, दुसरीत त्यांना बॉल पुरवणारी, आणि चार-पाच फेऱ्यांत आकडे स्थिरावतात.

करुण सिंग यांनी १२ गुणिले ८ घरांचा तक्ता सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. मी तोच वापरतो. आमच्या चालीत बॅकच्या घराची किंमत होती ०.०११, मिडफिल्डरच्या ०.०१३, विंगवरच्या ०.०१७, बॉक्सच्या अलीकडच्या ०.०३५ आणि स्ट्रायकर जिथे घसरला त्या घराची ०.१०८. प्रत्येक पासचं श्रेय म्हणजे दोन घरांतला फरक. लांब बॉलला मिळाले सुमारे ०.००४, आणि आठ मीटरच्या थ्रूला ०.०७३, म्हणजे जवळपास अठरापट. तक्ता असं सांगतो, की बॉल अशा ठिकाणी शंभरदा पोचला तर तिथून पुढच्या खेळात दहा-अकरा गोल व्हावेत. त्या दिवशी झाला नाही, पण ज्याने बॉल तिथे पोचवला त्याचं काम तेवढ्याने कमी होत नाही.

तक्ता उसना का, असं इथल्या एका कोचने मला विचारलं होतं. छोट्या स्पर्धांत इतके कमी गोल होतात की ९६ घरांत वाटले तर बहुतेक घरं रिकामी राहतील. उसन्या तक्त्याला मात्र जागेवर जुळवावं लागतं. तो १०५ मीटरच्या मैदानासाठी आहे आणि आमची मैदानं आखूड. तक्ता ताणून-आवळून बसवला तर मधली रेषा दोन्हीकडे त्याच दोन घरांच्या सीमेवर येते, पण आमच्या मधल्या रेषेपासून गोल बराच जवळ असतो. म्हणून मी ज्या गोलावर हल्ला चालू आहे तिथून मीटरमध्ये मोजत मागे येतो आणि मागची एक-दोन घरं सोडून देतो.

खरी अडचण वेगळीच आहे. तक्त्याला फक्त जागा दिसते, माणसं दिसत नाहीत. विंगवरचा तो लांब बॉल समोरच्या पाच जणांच्या डोक्यावरून गेला होता आणि त्याच्यामुळेच पुढचं सगळं उघडलं, तरी त्याला ०.००४च. जर्मनीत श्टेफान रायनार्ट्झ आणि येन्स हेगेलर या दोन फुटबॉलपटूंनी पॅकिंग नावाची मोजणी आणली ती यासाठीच: पासने किती विरोधक मागे टाकले ते मोजायचं. मी नोंदवहीत तो आकडा शेजारी लिहितो. दोन्ही एकत्र वाचले की मिडफिल्डरचा खेळ दिसतो.

दुसरी अडचण समजायला १३ मार्च २०२१ची फातोर्ड्याची आयएसएल फायनल आठवावी. मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. १८व्या मिनिटाला मुंबईच्या अहमद जाहूकडून रॉय कृष्णाने बॉल हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. २९व्या मिनिटाला त्याच जाहूने बिपिन सिंगसाठी लांब बॉल टाकला. बचावपटू तिरी तो डोक्याने अडवायला गेला आणि बॉल त्याच्याच गोलात शिरला. पुढे ९०व्या मिनिटाला बिपिनने मॅच जिंकून दिली. पण जाहूच्या या दोन क्षणांचा हिशेब पाहा. मूळ एक्सटी फक्त आपल्या खेळाडूला मिळालेले पास मोजतं. त्याचा लांब बॉल तिरीला लागला, म्हणून तो फसलेला पास: श्रेय शून्य. स्वयंगोल हा मुंबईचा शॉट नव्हता, म्हणून एक्सजीही शून्य. आणि आधी गमावलेल्या बॉलची वजावटही होत नाही, कारण मूळ एक्सटीत बॉल गमावण्याला दंडच नाही. एका फायनलचे दोन गोल या तक्त्यातून निसटतात.

दंडाचा भाग दुरुस्त करता येतो. बॉल जिथे गेला ते घर उलटं धरून समोरच्या संघाला त्याची जी किंमत मिळाली, ती वजा करायची. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांची व्हीएईपी ही पद्धत आणखी पुढे जाते. ती प्रत्येक कृतीने गोल करण्याची शक्यता किती वाढली आणि गोल खाण्याची किती, हे दोन्ही पाहते. त्यासाठी भरपूर मॅचच्या बारीक नोंदी लागतात. बोईसरला आमच्याकडे वजाबाकीच आहे, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. आठवडाभर स्वतःच्या बॉक्ससमोर ड्रिबल करणारा मुलगा यादीत वर होता, वजाबाकीनंतर तो शून्याखाली गेला.

फसलेल्या धाडसी बॉलसाठी मी वेगळा रकाना ठेवला आहे: बॉल कुठल्या घराकडे निघाला होता, आणि अडवणाऱ्याला तो ताब्यात घेता आला की नुसता ढकलावा लागला. आमच्या चालीतला तो मिडफिल्डर एकदा वही वाकून पाहत म्हणाला, “दादा, हा तर माझा चुकलेला आहे ना?” मी त्याला ढकललेल्या बॉलची खूण दाखवली.

कोचला एका मॅचची यादी मी देत नाही. एकच थ्रू ०.०७३ देऊन जातो आणि दिवसभर नीट खेळलेल्या बॅकचे वीस पास मिळून तेवढे होत नाहीत. पाच-सहा मॅच साठल्या, एकच मुलगा पुन्हा पुन्हा बॉल त्या बॉक्ससमोरच्या घरातून पुढे काढताना दिसला, की मग त्याचं नाव सांगतो, आणि सोबत त्या पासांची क्लिपही पाठवतो.